टेबल चोरीला गेलं तरी पासवर्ड हाती लागू नये म्हणून: सॉल्ट, बीक्रिप्ट आणि एका अंदाजाची किंमत

समजा, तुमच्या वेब ॲप्लिकेशनच्या डेटाबेसमधलं `users` नावाचं टेबल कुणीतरी उचलून नेलं. एखाद्या विसरलेल्या बॅकअपमधून, एखाद्या एसक्यूएल इंजेक्शनमधून, कसंही. टेबलात १ लाख माणसं आहेत. आता चोर आपल्या मशीनवर निवांत बसला आहे. तुमचा सर्व्हर, तुमचं फायरवॉल, ‘पाच वेळा चुकलात तर खातं बंद’ हा नियम, यातलं काहीही आता त्याच्या आड येत नाही. पासवर्ड साठवण्याच्या पद्धतीचा सगळा विचार या क्षणापासून सुरू होतो. टेबल गेलंच आहे असं धरायचं आणि मग विचारायचं की चोराला प्रत्येक पासवर्डासाठी किती कष्ट पडतील.

पासवर्ड जसाच्या तसा ठेवला असेल तर कष्ट शून्य. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटींहून जास्त पासवर्ड असेच उघड्या अक्षरांत बाहेर गेले, आणि ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांचा पहिला शब्दकोश आहे. एन्क्रिप्ट करून ठेवला तर प्रश्न फक्त एक पायरी मागे सरकतो. एन्क्रिप्शन उलटवता येतं, त्यासाठी किल्ली लागते, आणि ती किल्ली लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरलाही लागणारच. किल्ली गेली की सगळे पासवर्ड एकदम उघडे. म्हणून इथे हॅश वापरतात. हॅश म्हणजे एकाच दिशेने चालणारी क्रिया: पासवर्ड आत टाकला की ठरावीक लांबीची एक अक्षरमाळ बाहेर येते, पण त्या माळेवरून पासवर्ड मागे काढायला रस्ता नाही. लॉगिनच्या वेळी सर्व्हर टाइप केलेल्या पासवर्डाचा हॅश काढतो आणि साठवलेल्याशी जुळतो का ते बघतो. मूळ पासवर्ड त्याला माहीत असण्याची गरजच नाही.

इथवर बहुतेकांना माहीत असतं, आणि इथेच बरेच जण थांबतात. `SHA-256` वापरला, उलटवता येत नाही, झालं काम. पण चोर हॅश उलटवायला बसतच नाही. तो अंदाज करतो. ‘123456’ चा हॅश काढतो, टेबलात शोधतो. ‘password’ चा काढतो, शोधतो. एवढंच त्याचं काम, आणि ते तो सेकंदाला हजारो कोटी वेळा करू शकतो. त्यामुळे हॅश उलटतो का, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. एक अंदाज तपासायला चोराला किती खर्च येतो आणि तोच अंदाज तो किती माणसांवर एकदम वापरू शकतो, हे दोन आकडे महत्त्वाचे. दुसरा आकडा सॉल्ट ठरवतो, पहिला हॅशचा संथपणा.

हिशेब प्रत्यक्ष मांडूनच बघू. चोराकडे आरटीएक्स ४०९० हे एक ग्राफिक्स कार्ड आहे आणि हॅशकॅट हे पासवर्ड फोडण्याचं सर्वपरिचित साधन आहे. त्यावर `SHA-1` या साध्या, वेगवान हॅशचा वेग सेकंदाला सुमारे ५,००० कोटी अंदाज इतका येतो. त्याच कार्डावर बीक्रिप्ट या मुद्दाम संथ ठेवलेल्या हॅशचा वेग, त्याचा संथपणा ठरवणारा ‘कॉस्ट’ हा आकडा १२ धरला, तर सेकंदाला साधारण १,४०० अंदाज. आणि त्याच्या हातात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या १०,००० पासवर्डांची यादी आहे.

सॉल्ट नाही आणि हॅश वेगवान आहे, तर १०,००० हॅश एकदाच काढायचे आणि १ लाख ओळींशी ताडून बघायचे. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम संपतं. शिवाय ज्यांचे पासवर्ड सारखे त्यांचे हॅशही सारखे, म्हणून एक सापडला की तोच पासवर्ड वापरणारे सगळे सापडले. लिंक्डइनचे २०१२ मध्ये बाहेर आलेले हॅश असेच होते: `SHA-1`, सॉल्ट नाही. तेव्हा सुमारे ६५ लाख हॅश दिसले होते. २०१६ मध्ये कळलं की प्रत्यक्षात आकडा ११ कोटींच्या वर होता.

आता प्रत्येक ओळीला स्वतःचा सॉल्ट द्या. सॉल्ट म्हणजे त्या माणसासाठी खास निर्माण केलेले काही यादृच्छिक बाईट. ते पासवर्डासोबत हॅशमध्ये मिसळायचे आणि हॅशच्या शेजारी उघडपणे साठवायचे. आता ‘123456’ वापरणाऱ्या दोघांचे हॅश वेगळे दिसतात, आणि एका माणसासाठी काढलेला हॅश दुसऱ्यासाठी निरुपयोगी ठरतो. चोराला १०,००० गुणिले १ लाख, म्हणजे १०० कोटी हॅश काढावे लागतील. आकडा मोठा वाटतो खरा. पण सेकंदाला ५,००० कोटींच्या वेगाने त्याला लागतो सेकंदाचा पन्नासावा भाग. ‘आम्ही सॉल्ट घातलाय’ म्हणून जे निश्चिंत असतात, त्यांनी हा भागाकार एकदा हाताने करून बघावा.

उलट बाजूही बघा. हॅश संथ आहे पण सगळ्यांना एकच सॉल्ट आहे, तर १०,००० भागिले १,४००, म्हणजे साधारण ७ सेकंद, आणि पुन्हा सगळं टेबल एकाच फेरीत तपासून झालं. दोन्ही असतील तेव्हाच चित्र बदलतं: १०० कोटी भागिले १,४०० म्हणजे सुमारे ७ लाख सेकंद, आठ दिवस. तेवढ्या वेळात चोरी लक्षात येऊ शकते, लोकांना कळवता येतं, पासवर्ड बदलून घेता येतात.

याच हिशेबातली एक कटू गोष्टही सांगायला हवी. चोराला १ लाख माणसांत रस नसेल, एकच माणूस हवा असेल, आणि त्या माणसाचा पासवर्ड त्या १०,००० च्या यादीत असेल, तर बीक्रिप्ट असूनही तो ७ सेकंदांत सापडतो. संथ हॅश ‘123456’ ला वाचवत नाही. जो पासवर्ड यादीत नाही, जो अक्षरशः एकेक जुळणी करूनच शोधावा लागेल, त्याला मात्र तो भक्कम आधार देतो. लहान इंग्रजी अक्षरं आणि अंक मिळून आठ जागांचा पासवर्ड घ्या. एकूण शक्यता ३६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २.८ लाख कोटी. `SHA-1` वर हे सगळं एका मिनिटाच्या आत पालथं घालता येतं. बीक्रिप्टवर त्याच कार्डाला साठ वर्षं लागतील. कार्डं शंभर लावली तर सात-आठ महिने, आणि त्या शंभर कार्डांचं वीजबिल वेगळं. म्हणूनच नवीन पासवर्ड घेताना तो सर्वपरिचित यादीत आहे का हे तपासून नाकारणं, हा मी बीक्रिप्टचाच उरलेला अर्धा भाग मानतो.

बीक्रिप्ट इतका संथ कशामुळे? नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी तो १९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी मांडला. त्याचा गाभा ब्लोफिश या १९९३ च्या सायफरचा, म्हणजे एन्क्रिप्शनच्या पद्धतीचा आहे. ब्लोफिशची एक खोड होती: एकदा तयार झाल्यावर तो वेगाने चालायचा, पण नवी किल्ली दिली की तयारीलाच वेळ लागायचा. त्याला सुमारे ४ किलोबाईटचे तक्ते किल्लीनुसार नव्याने भरून घ्यावे लागतात. सायफर म्हणून ही अडचण होती. या दोघांनी तीच अडचण कामाला लावली. बीक्रिप्टमध्ये पासवर्ड हीच किल्ली होते आणि तक्ते भरण्याची ती तयारी एकदा नाही, हजारो वेळा होते. एकदा पासवर्ड घालून, एकदा सॉल्ट घालून, पुन्हा पासवर्ड, पुन्हा सॉल्ट. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या निकालावर उभी असते, त्यामुळे एकाच पासवर्डाच्या फेऱ्या वाटून घेऊन समांतर चालवता येत नाहीत. आणि ते ४ किलोबाईटचे तक्ते सतत इथून तिथून वाचावे-लिहावे लागतात. ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे गणक असतात, पण प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जलद मेमरी तुटपुंजी असते. `SHA-1` ला मेमरी जवळपास लागतच नाही, म्हणून तो तिथे सुसाट धावतो. बीक्रिप्ट अडखळतो, आणि आपल्याला तेच हवं आहे.

फेऱ्या किती, हे कॉस्ट नावाचा आकडा सांगतो. तो घात आहे: कॉस्ट १० म्हणजे २ चा १० वा घात, १,०२४ फेऱ्या. कॉस्ट १२ म्हणजे ४,०९६. आकडा एकने वाढला की काम दुप्पट. यंत्रं वेगवान होत जातील तसा हा आकडा वाढवत न्यायचा, अशी सोय मुळातच ठेवलेली आहे, आणि १९९९ ची रचना अजून वापरात आहे त्याचं मोठं कारण हेच.

आता साठवलेली अक्षरमाळ जवळून बघू. `abc123xyz` हा पासवर्ड कॉस्ट १२ ने हॅश केला, तर एका विशिष्ट सॉल्टसोबत असं दिसतं:

```
$2a$12$R9h/cIPz0gi.URNNX3kh2OPST9/PgBkqquzi.Ss7KIUgO2t0jWMUW
```

`$2a$` ही पद्धतीची खूण आहे. `$2b$` आणि `$2y$` ही तिचीच जवळची भावंडं, जुन्या अंमलबजावण्यांमधल्या चुका दुरुस्त झाल्यावर आलेली. `12` म्हणजे कॉस्ट. त्यानंतरची २२ अक्षरं, `R9h/cIPz0gi.URNNX3kh2O`, हा १६ बाईटचा सॉल्ट. उरलेली ३१ अक्षरं म्हणजे प्रत्यक्ष हॅश. एकूण ६०. सॉल्ट उघडा दिसतोय याची काळजी नको. तो गुपित नसतोच, त्याचं काम फक्त प्रत्येक ओळ वेगळी पाडणं आहे, आणि ते उघडं राहूनही होतं. म्हणजे टेबलात सॉल्टसाठी वेगळा कॉलम लागत नाही, कॉस्टसाठीही नाही. ही एक माळ पुरते.

पायथनमध्ये सगळं काम दोन ओळींचं आहे:

```python
import bcrypt

saved = bcrypt.hashpw(pw.encode("utf-8"), bcrypt.gensalt(rounds=12))
ok = bcrypt.checkpw(attempt.encode("utf-8"), saved)
```

नवख्यांचा एक घोटाळा इथे हमखास होतो. लॉगिनच्या वेळी ते पुन्हा `hashpw` आणि `gensalt` वापरून नवा हॅश काढतात आणि साठवलेल्याशी `==` ने तुलना करतात. तो कधीच जुळत नाही, कारण दर वेळी सॉल्ट नवा. `checkpw` साठवलेल्या माळेतूनच जुना सॉल्ट आणि कॉस्ट वाचतो आणि त्यांच्यासह हॅश काढतो. सॉल्टही स्वतः बनवू नका. वापरकर्त्याचं नाव किंवा नोंदणीची तारीख सॉल्ट म्हणून वापरलेली मी पाहिली आहे. नाव आधीच ठाऊक असतं, म्हणजे चोर चोरीच्या आधीच तयारी करून ठेवू शकतो.

६० हा आकडा माझ्या चांगला लक्षात राहिला आहे. एका कामात टेबलातला कॉलम `VARCHAR(50)` होता. मायएसक्यूएल सैल मोडमध्ये चालत होतं, त्यामुळे जास्तीची अक्षरं कापली जात होती आणि त्रुटी म्हणून काहीच येत नव्हतं. नोंदणी व्यवस्थित होत होती, लॉगिन मात्र एकाचंही होत नव्हतं. कोडमध्ये तासन् तास शोधलं. शेवटी एका हॅशची लांबी मोजली: ५०. कापलेला हॅश परत मिळवता येत नाही, त्या दिवशी नोंदणी केलेल्या प्रत्येकाला पासवर्ड नव्याने घ्यायला सांगावं लागलं. तेव्हापासून कॉलम `VARCHAR(255)` ठेवतो. पुढे पद्धत बदलली तरी जागा पुरते.

कॉस्ट किती ठेवायचा? कुणाचा तरी आकडा उचलण्यापेक्षा आपल्या खऱ्या सर्व्हरवर मोजणं बरं. कॉस्ट १० पासून सुरुवात करा, एका हॅशला किती मिलिसेकंद लागतात ते बघा, आणि पाव सेकंदाच्या आसपास पोचेपर्यंत एकेक वाढवा. दहाच्या खाली जाऊ नका. पीएचपीने आपला ठरलेला कॉस्ट बरीच वर्षं १० ठेवला होता, ८.४ आवृत्तीत तो १२ केला. बहुतेक सर्व्हरवर उत्तर १० ते १२ च्या दरम्यान येतं, कधी १३.

पाव सेकंद माणसाला जाणवत नाही, पण सर्व्हरला जाणवतो. एक कोअर सेकंदाला चारच लॉगिन तपासू शकेल, आठ कोअर असतील तर बत्तीस. कुणी मुद्दाम सेकंदाला दोनशे खोटे लॉगिन पाठवले तर सगळा सर्व्हर हॅश काढण्यातच गुंतून पडेल. म्हणून लॉगिनच्या आधी वेगमर्यादा लागतेच. नोडमध्ये आणखी एक सापळा आहे: `hashSync` वापरलं तर तेवढा वेळ एकाच धाग्यावरची बाकी सगळी कामं ताटकळतात. तिथे असिंक्रोनस प्रकारच वापरावा.

संथपणामुळे एक गुपितही फुटू शकतं. पुष्कळ कोडमध्ये आधी वापरकर्ता शोधतात, सापडला नाही तर लगेच ‘नाव किंवा पासवर्ड चुकला’ असं उत्तर देतात, आणि सापडला तरच हॅश तपासतात. संदेश दोन्हीकडे एकच, पण एक उत्तर ५ मिलिसेकंदांत येतं आणि दुसरं २५० मध्ये. कुठले ईमेल तुमच्याकडे नोंदलेले आहेत हे बाहेरच्याला घड्याळ लावून कळतं. उपाय सोपा आहे: वापरकर्ता नसेल तरी तेवढ्याच कॉस्टच्या एका नकली हॅशवर `checkpw` चालवायचं आणि मग नकार द्यायचा.

आता बीक्रिप्टची खरी मर्यादा, आणि ती देवनागरीत पासवर्ड टाइप करणाऱ्यांना इतरांपेक्षा लवकर गाठते. बीक्रिप्ट पासवर्डाचे पहिले ७२ बाईटच वाचतो. पुढचं सगळं तो बघतही नाही. इंग्रजी अक्षराला एक बाईट लागतो, म्हणजे ७२ अक्षरं, भरपूर झाली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाईट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. म्हणजे हाती राहिली जेमतेम २४ चिन्हं.

हा पासवर्ड घ्या: ‘उन्हात उभी ठेवलेली निळी सायकल’. ‘उन्हात’ मध्ये सहा चिन्हं (उ, न, हलन्त, ह, काना, त), ‘उभी’ मध्ये तीन, ‘ठेवलेली’ मध्ये सात, ‘निळी’ मध्ये चार. ही वीस चिन्हं, ६० बाईट. मधल्या चार मोकळ्या जागांचा एकेक, एकूण ६४. उरले आठ. ‘स’ चे तीन, काना तीन, झाले ७०. मग ‘य’ चे पहिले दोन बाईट, आणि दार बंद. ‘य’ चे बाईट आहेत `E0 A4 AF`, त्यातले `E0 A4` तेवढे आत गेले. आता ‘साखळी’ बघा. ‘ख’ चे बाईट `E0 A4 96`. पहिले दोन तेच! म्हणजे ७२ बाईटवर गुपचूप कापणाऱ्या बीक्रिप्टला ‘उन्हात उभी ठेवलेली निळी सायकल’ आणि ‘उन्हात उभी ठेवलेली निळी साखळी’ हे एकच पासवर्ड आहेत. एकाने नोंदणी करा, दुसऱ्याने लॉगिन होईल. ही चाचणी आपल्या ॲप्लिकेशनवर जरूर करून बघा. काही लायब्ररी आता ७२ च्या वर गेल्यावर त्रुटी देतात, आणि माझ्या मते तेच योग्य आहे.

वाक्यासारखे लांब पासवर्ड सोडले तर सामान्य माणसाचं यात फार नुकसान होत नाही. नुकसान होतं ते प्रोग्रामर पासवर्डाच्या आधी दुसरं काहीतरी जोडतो तेव्हा. लॉगिनची सेवा पुरवणाऱ्या ऑक्टा या कंपनीने २०२४ मध्ये स्वतःच जाहीर केलेली चूक अशीच होती. त्यांच्या एका भागात वापरकर्त्याचा आयडी, त्याचं नाव आणि पासवर्ड एकामागोमाग जोडून बीक्रिप्टला दिले जात, आणि त्यातून कॅशची किल्ली तयार होई. नाव ५२ किंवा त्याहून जास्त अक्षरांचं असलं की ७२ बाईट पासवर्डापर्यंत पोचायच्या आतच संपत. मग आधीच्या यशस्वी लॉगिनची नोंद कॅशमध्ये असेल, तर काही विशिष्ट परिस्थितीत पासवर्डाशिवाय आत जाता येत होतं.

यावर सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे आधी पासवर्डाचा `SHA-256` काढायचा आणि तो बीक्रिप्टला द्यायचा. लांबीचा प्रश्न सुटतो, पण इथे एक बारीक खड्डा आहे. `SHA-256` चे कच्चे ३२ बाईट दिले तर त्यात मध्येच शून्य बाईट येऊ शकतो, आणि बीक्रिप्टच्या काही अंमलबजावण्या शून्य बाईटला मजकुराचा शेवट समजतात. साधारण २५६ पैकी एका पासवर्डाचा पहिलाच बाईट शून्य निघतो. त्याच्यापुरता पासवर्ड रिकामा. म्हणून ते बाईट बेस-६४ मध्ये लिहून मगच पुढे द्यावेत. मला विचाराल तर नव्या प्रकल्पात या कसरतीपेक्षा आर्गॉन२आयडी घ्यावा. २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत आर्गॉन२ जिंकला, हा त्याचाच एक प्रकार. त्याला ७२ ची मर्यादा नाही, आणि तो ४ किलोबाईटऐवजी काही मेगाबाईट मेमरी अडवतो. पण ज्यांच्याकडे बीक्रिप्ट नीट चाललेला आहे त्यांनी घाईने उठायचं कारण नाही.

घाई करायची ती ज्यांच्या टेबलात अजून `MD5` किंवा `SHA-1` आहे त्यांनी. अडचण अशी की मूळ पासवर्ड आपल्याकडे नाहीत, मग नवे हॅश कसे काढणार? ‘पुढच्या लॉगिनला बदलू’ हा मार्ग अपुरा आहे, कारण जे वर्षभर फिरकणार नाहीत त्यांचे जुने हॅश तसेच पडून राहतात. त्यापेक्षा आहे त्या `MD5` माळेलाच पासवर्ड समजून तिचा बीक्रिप्ट काढायचा, सगळ्या टेबलाचा, एका रात्रीत. १ लाख ओळी, प्रत्येकी पाव सेकंद, म्हणजे एका कोअरवर सात तास. ती ओळ ‘गुंडाळलेली’ आहे अशी खूण ठेवायची. लॉगिनच्या वेळी खूण असेल तर आधी `MD5`, मग बीक्रिप्ट अशी तपासणी करायची. जुळलं की त्या क्षणी खरा पासवर्ड मेमरीत असतो, तेव्हाच त्याचा शुद्ध बीक्रिप्ट काढून ओळ बदलायची आणि खूण पुसायची. पुसणं का गरजेचं? त्याच माणसाचा तोच पासवर्ड दुसऱ्या कुठल्या चोरीत `MD5` रूपात बाहेर आला असेल, तर चोर ती माळ थेट तुमच्या गुंडाळलेल्या हॅशवर लावून बघतो. जुळली की बीक्रिप्टला वळसा घालून तो पुन्हा वेगवान `MD5` वरच अंदाज करत बसतो.

असाच वळसा अ‍ॅशली मॅडिसन या डेटिंगच्या वेबसाइटच्या बाबतीत घडला. २०१५ मध्ये त्यांचा डेटा बाहेर आला तेव्हा पासवर्ड बीक्रिप्टमध्ये, कॉस्ट १२, असे ३ कोटी ६० लाखांच्या आसपास हॅश होते. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की हे फुटायला शतकं लागतील. मग सायनोश्युअर प्राइम नावाच्या हौशी गटाने बाहेर आलेला कोड वाचला. सुमारे दीड कोटी खात्यांसाठी लॉगिनचं एक टोकन साठवलेलं होतं, आणि ते वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड, दोन्ही लहान अक्षरांत करून, त्यांच्यापासून `MD5` ने बनवलेलं होतं. त्यांनी सुरुवातीला बीक्रिप्टला हातच लावला नाही. `MD5` वर अंदाज चालवून लहान अक्षरांतला पासवर्ड काढला, आणि मग फक्त कुठलं अक्षर मोठं होतं एवढंच बीक्रिप्टवर तपासलं. साधारण दहा दिवसांत १ कोटी १० लाखांहून जास्त पासवर्ड निघाले. बीक्रिप्टमध्ये काहीही दोष नव्हता. त्याच पासवर्डाची दुसरी, वेगवान खूण शेजारच्या कॉलममध्ये होती.

म्हणून आपल्या टेबलात काय आहे हे तपासताना फक्त पासवर्डाचा कॉलम बघून भागत नाही. ‘मला लक्षात ठेवा’ चं टोकन, पासवर्ड परत मिळवण्याची लिंक, एपीआय किल्ली, यातलं काही पासवर्डापासून बनतं का ते कोडमध्ये शोधायचं. बनत असेल तर ते काढून तिथे निव्वळ यादृच्छिक आकडा आणायचा. लॉगमध्ये विनंतीचा पूर्ण मजकूर लिहिला जात असेल तर त्यातून पासवर्ड वगळायचा. आणि पासवर्डाच्या कॉलमवर ही एक क्वेरी चालवायची:

```sql
SELECT LEFT(password_hash, 7) AS kind,
       CHAR_LENGTH(password_hash) AS len,
       COUNT(*) AS n
FROM users
GROUP BY kind, len;
```

उत्तरात `$2b$12$` आणि ६० अशी एकच ओळ आली तर टेबल एकसारखं आहे, फक्त गुंडाळलेल्या ओळींची खूण अजून किती जणांवर आहे ते वेगळं मोजा. `$2b$08$` दिसलं तर कुणीतरी कधीतरी चाचणीसाठी कमी केलेला कॉस्ट तसाच पुढे गेला आहे. ६० पेक्षा कमी लांबी दिसली तर हॅश कापले गेले आहेत. आणि `$` शिवाय सुरू होणाऱ्या, ३२ किंवा ४० अक्षरांच्या हजारो ओळी आल्या तर ते `MD5` आणि `SHA-1` आहेत. गुंडाळायचं काम आज रात्री लावा, आणि ते संपल्यावर जुने हॅश टेबलातून आणि मुदत संपताच जुन्या बॅकअपमधूनही काढून टाका.